पहिला पगार आणि आठ अक्षरं

पहिल्या पगारावर कविता लिहायला बसलेल्या मुलाच्या हातून सहसा आधी उतरतं ते असं: ‘आई तुझे उपकार, कसे फेडू जन्मभर’. भावना खरी असते, पण ओळ कुठल्याही आईला आणि कुठल्याही दिवशी चालते. पगाराचा त्यात पत्ताच नाही.

या प्रसंगाला अष्टाक्षरी छान बसते. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीचं यमक जुळवायचं, एवढाच नियम. जागा थोडी असल्यामुळे ‘थोर’, ‘अनंत’, ‘ऋण’ असल्या शब्दांची हौस परवडत नाही. आता घरात खरोखर काय घडलं तेवढंच मांडून पाहू.

पाकीट ठेवले पुढे
बाबा चष्मा शोधतात
आई म्हणे, आधी जेव
गार होतो आहे भात

आभार कुठेच मानलेले नाहीत. चष्मा शोधण्याच्या निमित्ताने बाबांना तोंड वळवता येतं, हे वाचणाऱ्याला आपसूक कळतं. बऱ्याच मराठी घरांत आईला ‘तू’ आणि बाबांना ‘तुम्ही’ म्हणतात. दोघांना एकाच कडव्यात हाक मारायची तर सूर अडखळतो, म्हणून इथे दोघांकडे जरा लांबून पाहिलंय. भाषणाचा आवही त्यामुळेच गळतो.

मात्र एवढ्यावर ती नुसती हकिगत राहील. पाकीट यांच्याचपुढे का ठेवलं, तेही यायला हवं.

तीन वर्षे एसटीचा
पास त्यांनी काढलेला
पहाटेचा डबा तिचा
कधी नाही चुकलेला

इथे हात आवरायचा. पास, डबा, मग फी, मग गहाण पडलेल्या पाटल्या अशी यादी वाढली की कवितेची खतावणी होते आणि मुलगा हिशेब चुकता करायला आल्यासारखा दिसतो. दोन गोष्टी पुरतात, पण त्या त्याच घरातल्या हव्यात. ज्याने एसटीचा पासच काढला नाही, त्याने ही ओळ उसनी घेऊ नये.

रक्कम घालायची का? महिन्याच्या मध्यात रुजू झालेल्याला पहिला पगार पंधरवड्याचाच मिळतो, त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर कापला जातो. आकडा मोठा असेल तर तो मिरवणं होतं. तुटपुंजा असेल आणि तसाच सांगितला, तर गोड वाटू शकतो.

खरी अडचण पाकिटाची आहे. पगार आता थेट खात्यात जमा होतो, हातात येतो तो फक्त मोबाइलवरचा संदेश. काही मुलं एटीएममधून नोटा काढून पाकिटात घालतात आणि देवापुढे ठेवून मग आईच्या हाती देतात. ज्यांनी तसं केलं नाही, त्यांनी कवितेतही पाकीट आणू नये. ‘मोबाइल केला पुढे’ यातही अक्षरं आठच भरतात, आणि बाबांना चष्मा तरीही लागतोच.