‘साहित्य सोबत आणा’

“रविवारी सकाळी सहाला टेकडीवर. साहित्य सोबत आणा.” श्रमदानाच्या ग्रुपवर असा निरोप येतो आणि त्याखाली पन्नास अंगठे उमटतात. काय आणायचं, हे एकानेही विचारलेलं नसतं.

2016 साली तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत शहरातली माणसं गाड्या करून श्रमदानाला जाऊ लागली. आम्हीही त्यातलेच. पहिल्याच खेपेला अशा निरोपावर अंगठा दाखवून गेलो आणि टेकडीवर आमची अकरा घमेली नि दोन टिकाव जमले. घमेलं हलकं, स्वस्त, डिकीत मावणारं. त्यामुळे प्रत्येकाला तेच सुचलं. त्या दिवशी बहुतेकांनी दोन टिकावांकडे बघत उभं राहण्याचं श्रमदान केलं.

काम होतं सलग समपातळी चरांचं. उतारावर आडवे, एकाच पातळीत खणलेले हे चर साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल असतात. त्यातली माती कुठे वाहून न्यायची नसते. चराच्या खालच्या अंगाला, काठापासून थोडी जागा सोडून, तिचा बांध घालायचा असतो. ते फावड्यानेच होतं. म्हणजे टिकाव आणि फावडं हीच खरी जोडी. एकाने खणायचं, दुसऱ्याने ओढायचं, दमलं की अदलाबदल. घमेली लागतात ती नाल्यातला गाळ काढताना, कारण तिथे माणसांची साखळी लावून माती वर न्यावी लागते. ‘साहित्य’ या शब्दात हा फरक दिसत नाही. काम कुठलं ते कळलं, की यादी आपोआप निघते.

म्हणून आता “कोणतं साहित्य?” असं मी विचारत नाही. आयोजकाला दिवसभरात शंभर फोन असतात, त्यामुळे “नेहमीचंच” असं उत्तर येतं. त्यापेक्षा आपणच यादी करून पाठवावी, म्हणजे त्याला फक्त चूक दाखवायची उरते. गेल्या खेपेला मी पाठवलेला निरोप असा होता:

“दादा, आम्ही सहा जण येतोय. काम चरांचं आहे असं धरून टिकाव 3, फावडी 3, पहार 1 आणि घमेली 2 आणतो. पाणी प्रत्येकाचं तीन लिटर, नाश्ता आमचा आम्ही. गाळ काढायचा असेल तर नुसतं ‘गाळ’ लिहा, घमेली वाढवतो. शुक्रवार रात्रीपर्यंत काही कळलं नाही तर हेच घेऊन निघतो. पण आखणी झालीय का, तेवढं मात्र नक्की सांगा. नसेल तर हायड्रोमार्कर कोण आणतंय?”

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. टिकाव एखादा कमी-जास्त झाला तर काम हळू होईल, एवढंच. तिथे न आलेलं उत्तर होकार धरायला हरकत नाही. आखणीचं तसं नाही. हायड्रोमार्कर म्हणजे दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाण्याची पारदर्शक नळी. दोन्हीकडचं पाणी सारख्या खुणेवर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. मग तिथे फक्की टाकायची. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर मात्र पातळी खोटी दाखवते. आखणी चुकली, तर पावसात पाणी चराच्या सखल टोकाला धावतं आणि तिथला बांध फोडून जातं. तेव्हा या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर मी सरळ फोन करतो.

आणि हो, ‘आणतो’ लिहिण्याआधी टिकावाचा दांडा हलवून बघावा. ढिला असला तर कुणीतरी रात्रभर पाण्यात ठेवायला सांगतं. लाकूड फुगतं, दांडा घट्ट बसतो, पण उन्हात वाळला की पुन्हा हलायला लागतो. भर खणण्यात निसटलेलं पातं शेजारच्याच्या पायावर जाऊ शकतं. असा टिकाव मी मोजतच नाही. दांडा बदलून झाला की मगच त्याचं नाव यादीत.

त्या निरोपाला दादांचं उत्तर गुरुवारी आलं: “चरच आहेत. आखणी झाली. मुरूम कडक आहे, पहारी दोन आणा.”

दुसरी पहार आमच्या गल्लीतल्या मांडववाल्याकडे मिळाली.