मामा, ४८ हजार हवेत!

‘मामा, कोर्ससाठी थोडी मदत लागेल.’ फोनवर एवढंच बोललात, तर पलीकडून बहुतेक वेळा ‘बघू या’ असं उत्तर येतं. मामांनी टाळलं असं वाटून आपण हिरमुसतो. पण जरा त्यांच्या बाजूने बघा. ‘थोडी’ म्हणजे किती, पैसे परत येणार का, येणार तर कधी, यातलं तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. बिनव्याजी पैसे मागताय, तर निदान हिशेब तरी तुम्हीच मांडून द्यायला हवा. तोही कागदावर.

समजा, बीएस्सी झालेल्या एका मुलीला मेडिकल कोडिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करायचाय. तिचं पत्र असं असू शकेल:

*ती. स्व. मामांना सा. न.*

*फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. मेडिकल कोडिंग म्हणजे रुग्णाचे आजार आणि उपचार ठरलेल्या कोडमध्ये नोंदवण्याचं काम. विम्याच्या बिलांसाठी ते लागतं. कोर्स जुलै ते डिसेंबर आहे आणि परीक्षेसह फी ६०,००० रुपये. शिकवण्यांतून साठवलेले १२,००० माझ्याकडे आहेत. उरलेले ४८,००० तुमच्याकडून बिनव्याजी, उसने हवे आहेत. चेक संस्थेच्याच नावाने द्या.*

*ऑगस्ट ते एप्रिल, दर महिन्याच्या ५ तारखेला मी १,००० रुपये परत करीन. शिकवण्यांतून एवढे जमतात. असे ९,००० फिटतील. मेपासून दरमहा ३,००० देईन, म्हणजे उरलेले ३९,००० तेरा हप्त्यांत पूर्ण होतील. हा मोठा हप्ता नोकरी लागेल असं धरून आहे. आधीच्या बॅचमधल्या तिघींशी मी बोलले. दोघींना १६ ते १८ हजारांची नोकरी लगेच मिळाली, तिसरीला चार महिने थांबावं लागलं. म्हणून कोर्सनंतरचे चार महिने मी लहान हप्त्याचेच ठेवलेत. एप्रिलअखेर नोकरी नसेल, तर शिकवण्या वाढवून दरमहा १,५०० देईन. मग आणखी २६ महिने लागतील.*

*बाबांनी तुमच्याकडून घेतलेले पैसे अजून परत आलेले नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांच्या वतीने मी काही बोलू शकत नाही. हे पैसे मात्र माझ्या सहीवर घेतलेले असतील. पत्र मामींनाही दाखवा. जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा. दिवाळीला मी येणारच आहे.*

बाबांच्या पैशांबद्दल लिहिताना हात अडखळतो. पण ते लिहिलं नाही, तरी मामा-मामींच्या मनात ते असतंच. ‘आधीचे आले नाहीत, आता मुलगी मागतेय’ हे त्यांनी एकमेकांत बोलण्याआधी आपणच बोललेलं बरं.

आता हप्ते बघा. आपण बहुतेक जण इथेच चुकतो. मामांवर छाप पडावी म्हणून पहिल्या महिन्यापासून ५,००० कबूल करतो आणि तिसऱ्या महिन्यात अडकतो. मग लाजेपोटी फोन टाळतो आणि नात्यात अढी बसते ती त्या फोनमुळे. म्हणून आज हातात येणाऱ्या पैशांतून जमेल तेवढाच हप्ता आधी ठेवा आणि नोकरीवर अवलंबून असलेला नंतर. एखादा महिना चुकणार असेल, तर ५ तारखेच्या आधी कळवा, नंतर नाही. पैसे पाठवले की ‘हप्ता ४, बाकी ४४,०००’ असा मेसेज टाका. मामांना कधी आठवण करून द्यावी लागू नये.

‘बिनव्याजी’ म्हणजे फुकट नव्हे, हेही समजून घ्या. हेच पैसे मामांनी सात टक्क्यांनी गुंतवले असते, तर वरच्या वेळापत्रकात जसजशी बाकी कमी होते ती धरून, त्यांना साधारण ३,९०० रुपये व्याज मिळालं असतं. ते तुमच्यासाठी तेवढं सोडताहेत. हा आकडा आपल्याला ठाऊक असला की हप्ता चुकवताना मन कचरतं.

एक नियम मात्र घरातल्या व्यवहारालाही लागू आहे. २०,००० किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीत घ्यायला प्राप्तिकर कायदा सहसा परवानगी देत नाही आणि एवढ्या कर्जाची परतफेडही बँकेतूनच करावी लागते. दंड कर्जाच्या रकमेएवढा होऊ शकतो. त्यामुळे मामा पाकिटातून नोटा काढू लागले, तर ‘चेकच द्या’ म्हणा.

आणि पत्र टाकण्याआधी संस्थेला एक प्रश्न विचारा: कोर्स मध्येच सोडावा लागला, तर फी किती परत मिळते? उत्तर लेखी घ्या. कोर्स सुटला, तरी मामांचे ४८,००० सुटत नाहीत.