परदेशात पासपोर्ट हरवल्यावर दूतावासाला लिहायचे पत्र

परदेशात भारतीय पासपोर्ट हरवला, तर अर्ज पुण्याच्या किंवा मुंबईच्या पासपोर्ट कार्यालयाकडे जात नाही. तिथे असताना भारतीय दूतावासाचा कॉन्सुलर विभाग हेच पासपोर्ट कार्यालय असते. त्याच्या नावे लिहिलेल्या एकाच पत्रातून दोन गोष्टी होतात. पासपोर्ट हरवल्याची खबर दिली जाते आणि मायदेशी परतण्यासाठी तातडीचा कागद मागितला जातो. या कागदाला ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ म्हणतात. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात त्याचा स्वतंत्र उल्लेख आहे: भारतात प्रवेश करण्याची परवानगी देणारे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र म्हणजे पासपोर्ट नव्हे. ते एकाच प्रवासासाठी असते आणि तो प्रवास भारताकडेच करावा लागतो. त्यावर पुढच्या देशात जाऊन सहल पूर्ण करता येत नाही. परदेशात नोकरी किंवा शिक्षण चालू असलेल्या माणसाने म्हणूनच शक्यतो हरवलेल्या पासपोर्टच्या बदल्यात नवा पासपोर्ट मागावा. त्याला वेळ अधिक लागतो, पण तिथला मुक्काम मोडत नाही. दोन्हींपैकी नेमके काय हवे, हे पत्राच्या विषयातच स्पष्ट असले पाहिजे.

पत्र लिहिण्याआधी शोधाशोध मनापासून करावी, कारण ही खबर मागे घेता येत नाही. पासपोर्ट हरवल्याचे कळवले की तो रद्द होतो. हरवलेल्या व चोरीला गेलेल्या प्रवासी कागदपत्रांची नोंद इंटरपोलकडे ठेवली जाते आणि अनेक देशांच्या विमानतळांवर ती तपासली जाते. दोन दिवसांनी तोच पासपोर्ट बॅगेच्या अस्तरात सापडला आणि माणूस तो घेऊन विमानतळावर गेला, तर त्याला तिथेच अडवले जाऊ शकते. हॉटेलचा काउंटर, खोलीतली तिजोरी, पैसे बदललेले दुकान आणि शेवटची टॅक्सी, एवढे आधी पाहून घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. साताऱ्याचे एक जोडपे थायलंडला फिरायला गेले आहे. शुक्रवारी संध्याकाळी पट्टायात सामायिक टेंपोतून उतरल्यावर नवऱ्याच्या लक्षात येते की कमरेचा पाऊच नाही. पाऊचमध्ये त्याचा पासपोर्ट होता. बायकोचा पासपोर्ट हॉटेलात आहे. मुंबईचे विमान मंगळवारी रात्री आहे. दूतावास बँकॉकमध्ये, सुमारे दीडशे किलोमीटरवर, आणि शनिवार-रविवार बंद. म्हणून पहिले काम त्याच रात्री पोलिसांकडे जाण्याचे. थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत आणि त्यांचा फोन क्रमांक ११५५ आहे. तक्रारीची शिक्का मारलेली प्रत हातात पडेपर्यंत तिथून हलू नये, कारण दूतावास आधी तीच मागतो. त्या प्रतीवर नाव आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर लिहिला आहे का, हे तिथेच वाचून घ्यावे. एक अक्षर चुकले, तरी सोमवारी दुरुस्तीसाठी पुन्हा पट्टाया गाठावे लागते.

मग पत्र. दूतावासात ते बहुधा इंग्रजीत देतात. त्याचा मजकूर मराठीत असा होईल:

प्रति,
कॉन्सुलर अधिकारी, भारतीय दूतावास, बँकॉक.

विषय: पासपोर्ट हरवल्याची खबर व भारतात परतण्यासाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळण्याबाबत.

महोदय,
मी भारतीय नागरिक असून पर्यटनासाठी थायलंडमध्ये आलो आहे. शुक्रवार दि. … रोजी सायंकाळी सुमारे सात वाजता पट्टाया येथे सामायिक वाहनातून प्रवास करताना माझा पासपोर्ट असलेला पाऊच हरवला. तो पडला की चोरीला गेला, हे मला निश्चित सांगता येत नाही. पासपोर्ट क्रमांक …, दिल्याचे ठिकाण पुणे, दिल्याची तारीख … . त्याच रात्री मी पोलिसांत तक्रार नोंदवली असून तिची प्रत जोडली आहे. माझे परतीचे विमान मंगळवार दि. … रोजी बँकॉकहून थेट मुंबईला आहे. त्यासाठी मला इमर्जन्सी सर्टिफिकेट द्यावे, ही विनंती. हरवलेला पासपोर्ट सापडल्यास मी तो वापरणार नाही व आपल्याकडे किंवा पासपोर्ट कार्यालयाकडे जमा करीन.

खाली सही, भारतातला पत्ता, हॉटेलचा पत्ता आणि तिथे चालणारा फोन क्रमांक.

पत्रातले ‘निश्चित सांगता येत नाही’ हे वाक्य फार मोलाचे आहे. घाबरलेला माणूस पोलिसांना ‘हरवला’ सांगतो आणि दूतावासाला ‘चोरला’ लिहितो, कारण चोरी म्हटल्यावर सहानुभूती मिळेल असे त्याला वाटते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो आणि चौकशी लांबते. पासपोर्ट किंवा प्रवासी कागद मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा त्याच कायद्याच्या १२ व्या कलमाखाली गुन्हाही आहे. आखाती देशांत राबणाऱ्या कामगारांच्या बाबतीत हे अधिकच जपावे लागते. पासपोर्ट मालकाने काढून ठेवला असेल, तर तो ‘हरवला’ असे लिहू नये. मालकाने ठेवून घेतला, असेच लिहावे. खरे लिहिले तरच दूतावासाला मालकाशी आणि तिथल्या कामगार खात्याशी बोलता येते.

पत्रासोबत ऑनलाइन भरलेल्या अर्जाची छापील प्रत, फोटो, पोलिसांचा कागद, विमानाचे तिकीट आणि शुल्क लागते. खरा वेळ जातो तो हा माणूस भारतीय आहे आणि तोच आहे, याची खात्री करण्यात. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत असेल, तर दूतावासाला नोंदी लवकर सापडतात. शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे, पत्ता आणि फाइल क्रमांक असतो. प्रत नसेल, तर खातरजमेसाठी भारतात विचारणा होते आणि मंगळवारचे विमान हुकू शकते. साताऱ्याच्या जोडप्याच्या बाबतीत बायकोचा पासपोर्ट उपयोगी पडतो, कारण त्यावर नवऱ्याचे नाव छापलेले आहे. त्याची प्रतही जोडावी. घरी कपाटात झेरॉक्स असेल, तर मुलांकडून फोनवर फोटो मागवावा.

सोमवारी दुपारी प्रमाणपत्र हाती आले, तरी काम संपत नाही. देशात आल्याचा शिक्का हरवलेल्या पासपोर्टवर होता, त्यामुळे थायलंडच्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन ती नोंद नव्या कागदावर घ्यावी लागते. या धावपळीत मुक्कामाची मुदत उलटली, तर दिवसाला ५०० बाथ दंड होतो. म्हणून ही मुदत किती उरली आहे, हे दूतावासात जातानाच पाहावे. विमान कंपनीलाही तिकिटावरचा पासपोर्ट क्रमांक बदलून प्रमाणपत्राचा क्रमांक द्यावा. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचे असेल, तर तो देश हे प्रमाणपत्र मानतो का, हे आधी विचारून घ्यावे, नाहीतर चेक-इनलाच अडवणूक होते. पत्रात ‘थेट मुंबईला’ हे शब्द त्यासाठीच आहेत.

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनचे अधिकारी प्रमाणपत्र काढून घेतात. नवा पासपोर्ट मागताना अर्जात एक प्रश्न असतो: पूर्वी कधी इमर्जन्सी सर्टिफिकेटवर भारतात परतला आहात का? तिथे प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख, ते देणाऱ्या दूतावासाचे नाव आणि कारण भरावे लागते. म्हणून बँकॉकमध्येच त्याचा, पत्राचा आणि पोलिसांच्या कागदाचा फोटो काढून ठेवावा.