लिंक कुठली जास्त दाबली जाते?

क्लिक दर = क्लिक ÷ व्ह्यूज × १००. भातसानगरच्या धरणावरचा यूट्यूब व्हिडिओ मानू. व्ह्यूज ४,०००, आकडे उदाहरणादाखल.

- डिस्क्रिप्शन: मोबाइलवर मिटलेले असते, उघडावे लागते. ६० क्लिक, १.५ टक्के.
- पिन केलेली कमेंट: ४० क्लिक, १ टक्का.
- पडद्यावरचा मजकूर: दाबता येत नाही, पत्ता टाइप करावा लागतो. ८ भेटी, ०.२ टक्के. पण मजकूर सहाव्या मिनिटाला आला आणि तिथवर १,००० प्रेक्षकच टिकले, तर खरा दर ०.८ टक्के.

प्रत्येक जागेला `utm_content` मध्ये वेगळे नाव द्यावे. पडद्यावरचा छोटा पत्ता टॅग लावलेल्या लिंककडे वळवावा, नाहीतर त्या भेटी `Direct` खाली जमा होतात.

शॉर्ट्सच्या कमेंट आणि डिस्क्रिप्शनमधल्या लिंक ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबता येत नाहीत.