पुसल्याशिवाय लिहिता न येणारी चिप

२०२१ च्या फेब्रुवारीत टेस्लाने अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मोटर आणि बॅटरी ठणठणीत होत्या. बंद पडत होता तो चालकासमोरचा मोठा टचस्क्रीन. तो गेला की गाडी मागे घेताना दिसणारं कॅमेऱ्याचं चित्रही जायचं. दोष आत बसवलेल्या ८ जीबीच्या फ्लॅश चिपमध्ये सापडला. तिचा प्रत्येक ब्लॉक साधारण ३,००० वेळा पुसून लिहिता येत होता. कंपनीच्या हिशेबाप्रमाणे रोज सरासरी १.४ वेळा पुसणं व्हायचं, म्हणजे पाच-सहा वर्षांत चिप संपायची.

हार्ड डिस्कला ही चिंता नसते. तिच्या चुंबकीय तबकडीवर जुन्या मजकुराच्या जागीच नवा मजकूर लिहिता येतो, आणि तेवढ्याने तबकडी झिजत नाही. तिचं दुखणं वेगळं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी आठ मिलिसेकंदांहून थोडी मोठी असते, त्यामुळे हवी ती जागा हेडखाली येण्यात सरासरी चार मिलिसेकंद जातात. हेड सरकवण्याचा वेळ वेगळाच. म्हणून १९८० च्या दशकात बर्कलीत तयार झालेल्या फाइल सिस्टिमपासून आजच्या ext4 पर्यंत धोरण एकच राहिलं: एका फाइलचे तुकडे शक्यतो शेजारी-शेजारी ठेवायचे.

एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे शेजारपणाचं महत्त्व बरंच कमी होतं. तिथे नियम बदलतात ते दुसऱ्याच कारणाने. फ्लॅशमध्ये लिहिणं पानापानाने होतं, पुसणं मात्र अख्ख्या ब्लॉकचं. समजा, पान १६ केबीचं आहे आणि ब्लॉकमध्ये २५६ पानं आहेत. एक पान बदलायचं, तर ४ एमबीचा ब्लॉक पुसावा लागेल. हे टाळण्यासाठी ड्राइव्हमधला कंट्रोलर बदललेलं पान दुसऱ्या रिकाम्या जागी लिहितो, जुन्यावर ‘रद्द’ अशी खूण करतो आणि कोणतं पान आता कुठे आहे याचा तक्ता ठेवतो. झीज सगळ्या ब्लॉकमध्ये सारखी वाटली जावी म्हणून, वर्षानुवर्षं न बदललेल्या फाइलीही तो अधूनमधून जास्त झिजलेल्या ब्लॉकमध्ये हलवतो आणि त्यांचे ताजे ब्लॉक मोकळे करतो.

रिकामे ब्लॉक संपत आले की साफसफाई सुरू होते. एखाद्या ब्लॉकमधली ६४ पानं रद्द असतील, तर उरलेली १९२ आधी दुसरीकडे उतरवावी लागतात आणि मगच ब्लॉक पुसता येतो. हाती जागा येते ६४ पानांची. ती भरेपर्यंत चिपवर एकूण २५६ पानं लिहिली जातात, म्हणजे गरजेच्या चौपट.

आता त्या १९२ पैकी १२८ पानं वापरकर्त्याने कधीच डिलीट केलेल्या फाइलींची आहेत असं धरू. डिलीट करताना जुनी फाइल सिस्टिम फक्त आपल्या नोंदीत बदल करायची. ड्राइव्हला पत्ताच नसायचा. त्यामुळे कंट्रोलर मेलेल्या फाइलीही इमानेइतबारे उतरवत बसायचा. यासाठी ट्रिम ही आज्ञा आली. ‘ही पानं आता नकोत’ हे कळल्यावर फक्त ६४ पानं हलवावी लागतात आणि १९२ मोकळी होतात. चौपटीचा आकडा साधारण १.३ वर उतरतो. लिनक्सवर ही आज्ञा हातानेही देता येते:

```
sudo fstrim -v /
```

२०१२ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी यापुढचं पाऊल टाकलं. त्यांची F2FS ही फाइल सिस्टिम फ्लॅशचा स्वभाव धरूनच रचलेली आहे. जागच्या जागी बदल करण्याऐवजी ती शक्यतो पुढे-पुढे लिहीत जाते. त्यात एक जुनी अडचण होती. मजकुराची जागा बदलली की त्याचा पत्ता सांगणारी नोंद बदलावी लागते. ती नोंदही नव्या जागी गेली की तिच्या वरची बदलते, आणि एका छोट्या बदलापायी वरपर्यंत साखळी हलते. F2FS ने अशा नोंदींना कायमचे क्रमांक दिले आणि कोणता क्रमांक कुठे आहे हे एका वेगळ्या तक्त्यात ठेवलं. वरच्या नोंदीत क्रमांकच असल्यामुळे साखळी तिथेच तुटते.

शिवाय ती सतत बदलणारा आणि स्थिर मजकूर वेगळा ठेवते. फोल्डरच्या नोंदी एकीकडे, फोटो आणि व्हिडिओ दुसरीकडे. एकत्र लिहिलेली पानं साधारण एकाच सुमारास रद्द झाली, तर साफसफाईत उतरवायला फारसं उरत नाही. मर्यादाही आहे: ड्राइव्ह जवळजवळ भरला की मोकळी जागा शोधण्यासाठी हलवाहलव वाढते आणि लिहिण्याचा वेग घसरतो.

आपल्या एसएसडीची झीज पाहायची असेल, तर NVMe ड्राइव्हसाठी `sudo smartctl -a /dev/nvme0` चालवून `Percentage Used` ही ओळ वाचावी. तिथला १०० हा आकडा म्हणजे उत्पादकाने अंदाजलेलं आयुष्य वापरून झालं. त्याच क्षणी ड्राइव्ह बंद पडतो असं नाही, आकडा १०० च्या पुढेही जाऊ शकतो.