अँड्रॉइडचे फोटो मॅकवर आणताना
अँड्रॉइड फोन केबलने मॅकला जोडला की चार्जिंग सुरू होतं, पण फाइंडरमध्ये फोन काही दिसत नाही. फोन आपल्या फाइली एमटीपी नावाच्या पद्धतीने देतो आणि फाइंडरला ती कळत नाही. मध्ये दुभाष्या लागतो. ओपनएमटीपी हा मोफत प्रोग्रॅम ते काम चोख करतो.

फोनचं लॉक काढा, यूएसबीच्या सूचनेवर टॅप करून File transfer निवडा आणि मग प्रोग्रॅम उघडा. एका बाजूला मॅक, दुसऱ्या बाजूला फोन दिसेल. कॅमेऱ्याचे फोटो बहुधा DCIM मधल्या Camera फोल्डरमध्ये असतात. ते मॅकच्या बाजूला ओढा. सूचनाच आली नाही, तर आधी केबल बदला. काही केबल फक्त चार्जिंगपुरत्याच असतात. फोटो मॅकवर उघडून पाहिल्याशिवाय फोनमधून मात्र पुसू नका.