अकॅडमी सोडताना फी परत मागायची असेल तर

जानेवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून मुलाने मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत द्यावी, असे त्यांत आहे. दादरमधल्या क्रिकेट अकॅडमीपुढे मात्र या सूचना ठेवू नका. त्यांतल्या ‘कोचिंग’च्या व्याख्येतून खेळ वगळलेले आहेत.

खेळासाठी आधार ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चा. इथे सोडण्याचे कारण फार महत्त्वाचे. ठरलेला प्रशिक्षक गेला, मैदान बंद झाले, आठवड्याची चार सत्रे दोनवर आली, तर ती सेवेतली त्रुटी. मुलाचा रस संपला असेल, तर दावा दुबळा होतो आणि पावतीमागची ‘फी परत मिळणार नाही’ ही ओळ आडवी येते. त्रुटी असेल तेव्हा मात्र त्या ओळीने घाबरू नका. एकतर्फी, अन्याय्य अट ग्राहक आयोग बाजूला ठेवू शकतो.

समजा, वर्षाचे 24,000 रुपये भरले आणि पाच महिन्यांनी प्रशिक्षक गेला. उरलेल्या सात महिन्यांचे 14,000 मागा. वापरलेल्या किटचे नको. सोडता त्याच दिवशी लेखी कळवा, नाहीतर पुढचे महिनेही ‘वापरले’ म्हणून मोजले जातात. पावती आणि प्रशिक्षक बदलल्याचा मेसेज जपून ठेवा.

उत्तर नाही आले, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही नाही जमले, तर जिल्हा ग्राहक आयोग. गिरगाव-लालबागकरांना राहत्या भागाच्या आयोगाकडेही जाता येते. मुदत दोन वर्षे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.